शब्दचर्चा: 'विद्राव्यता' आणि 'विद्राव्यता गुणाकार' यांत फरक काय?

मृण्मयी: मुलीच्या वहीत लिहिलंय, 'ज्याचा गुणाकार लहान, तो क्षार कमी विरघळतो.' सिल्व्हर क्लोराइडचा गुणाकार, म्हणजे Ksp, १.८×१०⁻¹⁰, सिल्व्हर क्रोमेटचा १.१×१०⁻¹². म्हणजे क्रोमेट कमी विरघळणार ना? की हे दोन शब्द मुळात वेगळे आहेत?

बापू: वेगळे आहेत, ताई. नावात विद्राव्यता असली तरी गुणाकार आयनांच्या संहतींचा आहे. विद्राव्यतेला s म्हणू. सिल्व्हर क्लोराइड, म्हणजे AgCl, विरघळलं की s चांदी, s क्लोराइड. s×s वरून s येतो १.३×१०⁻⁵ मोल प्रति लिटर. सिल्व्हर क्रोमेटमध्ये, म्हणजे Ag₂CrO₄ मध्ये, चांदी 2s आणि ती वर्गात, म्हणून 4s³. s येतो ६.५×१०⁻⁵. क्रोमेट पाचपट जास्त विरघळतं! वहीतलं वाक्य आयनांचं प्रमाण सारखं असेल तिथेच चालतं.

ओंकार: आणि AgCl च्या द्रावणात मीठ घातलं की Ksp कमी होतो, म्हणून साका पडतो.

बापू: साका पडतो हे बरोबर, पण Ksp तापमान बदलल्याशिवाय हलत नाही. घटते ती विद्राव्यता. ०.१ मोलर मिठाच्या द्रावणात s×०.१ = १.८×१०⁻¹⁰, म्हणजे s फक्त १.८×१०⁻⁹. दोन शब्द वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

सायली: माझं गणित चुकतंय. २×१०⁻⁵ मोलर सिल्व्हर नायट्रेट आणि तेवढंच मीठ, १०० मिली प्रत्येकी. गुणाकार ४×१०⁻¹⁰, Ksp पेक्षा मोठा. पण उत्तरात 'साका नाही'.

बापू: एकत्र ओतल्यावर घनफळ दुप्पट झालं ना! दोन्ही संहती १०⁻⁵ उरल्या, गुणाकार १०⁻¹⁰, म्हणजे मर्यादेच्या आत. आता त्यात मीठ विरघळवून क्लोराइड १०⁻³ पर्यंत न्या. गुणाकार १०⁻⁸ होतो, मर्यादा ओलांडली. शेवटी चांदी १.८×१०⁻⁷ उरते, म्हणजे शंभरातले जेमतेम दोन भाग.

सायली: म्हणजे तळाशी पांढरा थर दिसेल?

बापू: नाही. सगळं मिळून पाव मिलिग्रॅमच्या आसपास. दिसलीच तर किंचित दुधाळ झाक.

मृण्मयी: मग त्याला 'साका' कसं म्हणायचं? साका तर खाली बसलेला गाळ.

रफीक: 'अवक्षेप' म्हणा. पण माझा वेगळाच अनुभव. क्लोराइड वाढवायचं म्हणून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतत गेलो, तर आलेला साका बराचसा विरला. समान आयनाने उलट व्हायला हवं होतं.

बापू: क्लोराइड फार झालं की चांदी त्याच्याशी जोडून AgCl₂⁻ बनते आणि पुन्हा द्रावणात जाते. वरचं सोपं गणित विरल द्रावणापुरतंच खरं.

ओंकार: पण 'अवक्षेप' तरी कुठे बसतोय? 'क्षेप' म्हणजे टाकणं, 'अव' म्हणजे खाली. झाक तर तरंगतेय.

मृण्मयी: मला अजून 'साका'च जवळचा वाटतो.