सहाव्या रांगेतली दोन जोड-प्यादी खरंच हत्तीला भारी पडतात का?

मृणाल_के : क्लबातले एक काका म्हणतात, सहाव्या रांगेत दोन जोड-प्यादी आली आणि पुढे अडवायला प्यादं नसलं, की हत्ती हरतो. मला हे पटत नाही. हत्तीचे पाच गुण, दोन प्याद्यांचे दोन. असं कसं?

पाच_गुणवाला : मृणाल, तुझं बरोबर आहे. हत्ती मागून आला की एक प्यादं खातोच, आणि उरलेल्या एकट्याला काय किंमत? असल्या प्याद्यांना घाबरून हत्ती देणारे लोक मी दर स्पर्धेत बघतो.

शेवटचा_डाव : एक प्यादं खातो, हे खरं. पण तेवढ्यात दुसरं वजीर होतं. पट मांडून बघा. पांढरी प्यादी b6 आणि c6 वर, राजा g2 वर. काळा राजा लांब g5 वर, काळा हत्ती b1 वर, खेळी काळ्याची. हत्ती b6 वर रोखलेला आहे, पण तो ते मारेल तर पांढरा c7 खेळतो आणि... थांबा, ते चुकलं. तेव्हा हत्ती c6 ला येऊन c7 चं प्यादं मागून धरतो. म्हणजे काळ्याची खेळी असेल आणि एक प्यादं लगेच सापडत असेल, तर काका हरले. ही अट लोक विसरतात. आता खेळी पांढऱ्याची धरा. पांढरा c7 खेळतो. हत्तीने b6 मारलं, तर लगेच c8 वर वजीर. म्हणून हत्ती c1 वर येतो. आता b7! हत्तीने c7 मारलं, की b8 वर वजीर, आणि तो वजीर c7 वरच्या हत्तीवरही चालून जातो. हत्ती मध्ये शह देत राहील, पण पांढरा राजा पुढे चालत हत्तीजवळ पोचला, की शह संपतात.

पाच_गुणवाला : म्हणजे खेळी कोणाची, यावर सगळं. मग नियम कसला?

शेवटचा_डाव : खेळी काळ्याची असली, तरी हत्ती जर h1 वर, म्हणजे प्याद्यांपासून लांब असेल, तर तो आधी b1 वर येतो आणि आपण वरच्याच स्थितीत पोचतो. एकाच खेळीत प्यादं खाता येत नसेल, तर नियम टिकतो. पाचव्या रांगेत मात्र तुमचं म्हणणं बऱ्यापैकी खरं. c6 आणि b5 घ्या, हत्ती c1 वर. पांढऱ्याने b6 केलं, तर हत्ती c6 मारतो. मग b7 ला हत्ती b6 वर येतो आणि पुढचा वजीर जन्मतःच मरतो. पण तोच हत्ती b1 वर असता, तर c7 ने काम तमाम. पुढे गेलेल्या प्याद्याच्या मागे उभं राहायचं, मागे राहिलेल्याच्या नाही.

नागपूरकर_बाबा : माझ्या डावात हेच घडलं होतं. सहाव्या रांगेत दोन प्यादी, मी खुशीत हत्ती दिला. समोरच्याचा राजा b8 वर होता, हे मी बघितलंच नाही. c7 चा शह दिला, तो b7 वर येऊन बसला, आणि मग हत्तीने मागून प्यादी उचलली. चहासुद्धा गोड लागला नाही त्या दिवशी.

जुने_डाव : १८३४ मध्ये लंडनला मॅक्डॉनेल विरुद्ध ला बूर्दोने. काळी प्यादी d2, e2, f2 वर आणि पांढऱ्याने डाव सोडला! यापेक्षा मोठा पुरावा काय?

शेवटचा_डाव : डाव सुंदरच. पण तिथे प्यादी तीन, तीही दुसऱ्या रांगेत. मृणालचा प्रश्न दोघांचा आहे.

मृणाल_के : आणि समोर हत्तीऐवजी उंट असला तर? तो तर त्याहून कमकुवत.

शेवटचा_डाव : तिथे गंमत उलटी होते. तीच b6, c6, काळा उंट e5 वर, खेळी पांढऱ्याची. कोणी घाईने b7 केलं, तर फसला: उंट त्याच कर्णावरून b8 आणि c7 दोन्ही धरून बसतो. मग पांढऱ्या राजाला चालत जाऊन मदत करावी लागते, आणि तोवर काळा राजाही गाठतो. बरोबर खेळी c7. उंटाला ते मारावं लागतं, b चं प्यादं उंटाला मारून c7 वर येतं, आणि c8 पांढरं घर, काळ्या घरांच्या उंटाच्या हाताबाहेर. हत्तीसमोर बहुतेकदा कुठलंही प्यादं आधी चालतं, उंटासमोर घराचा रंग बघायला लागतो.

पाच_गुणवाला : बरं, राजे लांब असताना मान्य. पण हे सगळं रिकाम्या पटावर. दोघांचे वजीर जिवंत असताना हत्ती देऊन प्यादी सहाव्या रांगेत नेणं मला अजूनही जुगारच वाटतो.

नागपूरकर_बाबा : वजीर असतील तर शह किती सुटतील, ते आधी मोजा. माझ्याकडे तसलाही एक डाव आहे, घरी गेल्यावर टाकतो.