मोबाइलवर 6/6, दवाखान्यात प्लस नंबर: घरच्या चाचणीवर किती विसंबावं?

मुलगी 11 वर्षांची आहे. वाचताना डोकं दुखतं म्हणून आधी मोबाइल अ‍ॅपवर दृष्टी तपासली. 2 मीटर अंतर टेपने मोजलं, ब्राइटनेस पूर्ण ठेवला, एकेक डोळा तळहाताने झाकला. 6/6 च्या ओळीतलं अक्षर पट्टीने मोजलं तर जवळपास 3 मिलिमीटर भरलं, म्हणजे आकार बरोबर होता. तीनदा केलं, दोन्ही डोळे 6/6, एकदाच उजवा 6/9.

दवाखान्यात थेंब न घालता जवळजवळ शून्य नंबर आला. फोकसचा स्नायू सैल करणारे थेंब घातल्यावर मात्र दोन्ही डोळ्यांना +2.50 निघाला. डॉक्टर म्हणाले, मुलं स्नायू ताणून हा नंबर लपवतात, म्हणून लांबची अक्षरं स्वच्छ दिसतात. हे मला पटलं. चष्मा सुरू आहे, डोकेदुखी कमी आहे, पडदा आणि तिरळेपणाची तपासणीही ठीक आहे. पुढची तपासणी 6 महिन्यांनी, ती चुकवणार नाही. चष्म्याचा नंबर अ‍ॅपवरून ठरवायचाही नाही.

मधल्या काळात चष्मा लावून महिन्यातून एकदा अ‍ॅपवर तपासायचा विचार आहे. पण एका ओळीचा फरक तर आमच्याकडे एकाच दिवशी पडला. मग किती ओळी, आणि सलग किती वेळा कमी आल्या तर लवकर दाखवायला न्यावं? आणि +1.50 च्या भिंगातूनही तीच ओळ वाचता येते का, हे घरी पाहिल्याने लपलेला नंबर खरंच कळतो का?