‘सोबत जोडलेल्या अहवालाचा सारांश द्या’, पण सोबत काहीच नाही : तुमचे अनुभव सांगा

निंबोणी

पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी मी अहवालांचे सारांश लिहिते. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री पावणेदहाला सचिवांची मेल आली : "मूल्यमापन अहवाल सोबत जोडला आहे. उद्या ११ च्या बैठकीआधी एका पानात सारांश हवा." मेल आधी फोनवर पाहिली, मग लॅपटॉपवर. फाइल कुठेच नव्हती. एवढ्या रात्री त्यांना कशाला विचारायचं, असं वाटलं. महिन्याभरापूर्वीचा मसुदा माझ्याकडे होता. त्यावरून पान लिहिलं आणि साडेबाराला पाठवून झोपले.

मसुद्यात १४ गावं होती, अंतिम अहवालात ११. तीन गावांतल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी अर्धवट निघाल्यामुळे ती गावं वगळली होती. बैठकीत देणगीदारांसमोर अध्यक्षांनी माझ्या पानावरून १४ वाचलं, आणि समोरच्यांच्या हातातल्या अहवालात ११ होतं. पान नीटनेटकं होतं, म्हणूनच कुणाला ते तपासावंसं वाटलं नाही. हे मला आजही लागतं.

फाइल नसलेली अशी मेल आली की तुम्ही काय करता? नेमकं काय लिहून पाठवता, तेही सांगा.

आवकजावक

मी ३१ वर्षं सरकारी कार्यालयात होतो, त्यातली बरीचशी आवक-जावक शाखेत. आमच्या पत्रांत शेवटी डावीकडे ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असं असायचं. पाकीट फोडलं की आधी ती ओळ बघायची, मग कागद मोजायचे. सहपत्र नसेल तर आवक नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ‘सहपत्राशिवाय प्राप्त’ असं लिहायचं आणि त्याच दिवशी उलट पत्र पाठवायचं. त्याच दिवशी, हे महत्त्वाचं. चार दिवसांनी कळवलं तर ‘आम्ही जोडलं होतं, तुमच्याकडेच गहाळ झालं’ असं उत्तर यायचं आणि ते खोडून काढायला हातात काही नसायचं.

ताई, तुम्ही पावणेदहाला एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं.

घाईत

माझं मत थोडं वेगळं आहे. दर वेळी ‘फाइल नाही आली’ एवढंच कळवून थांबणंही बरं नाही. समोरचा प्रवासात असतो, झोपलेला असतो. विषयाच्या ओळीवरून कागद ओळखता येतो, विशेषतः शासन निर्णयासारखा जाहीर असेल तर. तो आपणच उतरवून घ्यावा, सारांश पाठवावा. माझं तरी आजवर अडलेलं नाही.

खटलेवाली

@घाईत, अर्धं पटलं. कागद जाहीर असला तरी तो *तोच* आहे हे कळायला हवं. मी वकिलाच्या ऑफिसात काम करते. एकदा सरांचा निरोप आला : "बदल्यांच्या जीआरचा सारांश पाठव." सोबत काही नव्हतं. मी शासनाच्या संकेतस्थळावरून एक उतरवला आणि सारांश केला. त्याच विषयावर नंतर शुद्धिपत्रक निघालं होतं आणि सरांना त्यातलाच बदललेला परिच्छेद हवा होता. माझे दोन तास वाया गेले.

आता जीआरच्या शेवटी दिलेला सांकेतांक विचारते. तो कळला की कागद पक्का. तो सांगणारं कुणी नसेल आणि थांबणं शक्यच नसेल तर सारांशाच्या पहिल्या ओळीत लिहिते : "हा सारांश मी स्वतः शोधलेल्या, अमुक तारखेच्या शासन निर्णयाचा आहे. आपल्या मनात दुसरा असल्यास हा वापरू नये." ही ओळ खाली तळटीप म्हणून टाकायची नाही. खालचं कुणी वाचत नाही.

पण निंबोणीच्या अहवालासारखा संस्थेचा आतला कागद असेल तर शोधायला जागाच नसते. तिथे विचारायचंच.

केबलवाला

मी एका कार्यालयाची मेल-व्यवस्था बघतो. आमच्याकडे ‘पाठवणारा विसरला’ हे कारण निम्म्या वेळाही नसतं. नेहमी दिसणारे प्रकार सांगतो.

सगळ्यात जास्त हे होतं : साहेबांना फाइलसकट मेल येते. ते ‘फॉरवर्ड’ न करता ‘रिप्लाय’ करतात, त्यात तुमचा पत्ता घालतात आणि ‘याचा सारांश द्या’ लिहितात. रिप्लायमध्ये मूळ मेलची फाइल पुढे जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते. साहेबांना त्यांच्या पडद्यावर वरच्या मेलमध्ये फाइल दिसत असते, त्यामुळे ‘पाठवली आहे’ हे ते खरंच मनापासून म्हणत असतात. अशी मेल ओळखायची खूण म्हणजे खाली जुना पत्रव्यवहार असतो आणि विषयाच्या सुरुवातीला Re: असतं.

दुसरा प्रकार म्हणजे फाइलऐवजी तिचा पत्ता येतो. परवाच एकांनी हे चिकटवून पाठवलं होतं :

```
C:\Users\admin\Desktop\Report_final.docx
```

हा त्यांच्या स्वतःच्या संगणकावरचा रस्ता. आपल्याकडून तो उघडणारच नाही. ड्राइव्हची लिंक आली पण परवानगी दिली नाही, हाही त्याचाच भाऊ. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठी फाइल आपोआप लिंक होऊन जाते आणि परवानगीचा घोळ होतो.

तिसरा प्रकार : पासवर्ड घातलेली झिप फाइल आमच्यासारखे सर्व्हर मध्येच काढून घेतात. मेलमध्ये तशी छोटी सूचना उरते, पण ती लोक वाचत नाहीत.

म्हणून ‘तुम्ही जोडायला विसरलात’ असं कधीच लिहू नका. ‘माझ्यापर्यंत पोचली नाही’ असं लिहा, आणि त्यांना ‘सेंट’मध्ये जाऊन ती मेल उघडून बघायला सांगा. तिथे फाइल दिसली तर अडचण वाटेत आहे, नाही दिसली तर जोडायचीच राहिली.

अबोली७

माझ्या भाचीने नोकरीचा अर्ज असाच बायोडेटाशिवाय पाठवला होता, मग तीन आठवडे उत्तराची वाट बघत बसली. कंपनीने एक ओळही कळवली नाही. लोक कळवत का नाहीत? आणि सारांश किती शब्दांचा असावा, मूळच्या एक तृतीयांश ना? शाळेत तसं शिकवायचे.

दुभाषी

@अबोली७, एक तृतीयांश हे परीक्षेपुरतं. कामात ४० पानांचं एक पानही होतं आणि अर्धंही. म्हणूनच मी फाइल मागतानाच बाकीचंही विचारून घेते, नाहीतर फाइल आल्यावर पुन्हा एक फेरी होते. माझी मेल साधारण अशी असते :

"नमस्कार. आपली ९.४५ ची मेल मिळाली, पण तिच्यासोबत फाइल माझ्यापर्यंत आलेली नाही. कृपया पुन्हा पाठवाल का? माझ्याकडे ऑगस्टचा मसुदा आहे, पण आपल्याला अंतिम अहवाल हवा असावा असं समजते, म्हणून त्यावर काम सुरू केलेलं नाही. एक पान पुरेल ना? आणि ते कोण वाचणार आहे? सकाळी ७ पर्यंत फाइल मिळाली तर १०.३० ला देऊ शकेन."

शेवटचं वाक्य गाळू नका. किती वाजेपर्यंत फाइल मिळायला हवी हे सांगितलं नाही तर साडेदहाला फाइल येते आणि अकराला सारांश मागतात. मसुद्याचा उल्लेखही मुद्दाम. कधी कधी उत्तर येतं, "मसुदाच हवा आहे." मग वाटच बघावी लागत नाही.

निंबोणी

@दुभाषी, ही मेल मी जपून ठेवतेय. @केबलवाला, आत्ता जुनी मेल उघडून पाहिली. Re: आहे, आणि खाली मूल्यमापन करणाऱ्यांचं पत्र. म्हणजे सचिवांनी रिप्लाय केला होता. इतके महिने मी मनात त्यांनाच दोष देत होते.

एक विचारायचं राहिलं. त्या मेलमध्ये इतर सहा जण होते. ‘फाइल नाही’ हे सगळ्यांना दिसेल असं लिहायचं की फक्त सचिवांना?

आवकजावक

फक्त त्यांना. वरिष्ठांची चूक चारचौघांत दाखवू नये.

खटलेवाली

मी सगळ्यांना लिहिते. बाकीच्या सहांनाही फाइल मिळालेली नसते, आणि त्यांच्यापैकी कुणाकडे ती असेल तर रात्री अकरालाही मिळून जाते. मला दोनदा अशीच मिळाली आहे.

आवकजावक

मग शब्द केबलवाल्यांनी सांगितले तसे हवेत. ‘माझ्यापर्यंत पोचली नाही.’ तरीही मी आधी फोनच करीन.