स्वॉटची स्लाइड: चारही खोके भरायलाच हवेत का?

देवगडचा बागायतदार: आमची आंबेवाल्यांची शेतकरी कंपनी आहे, आंबे एकसारखे पिकवणाऱ्या रायपनिंग चेंबरच्या कर्जासाठी बँकेत प्रेझेंटेशन द्यायचंय. स्वॉटच्या, म्हणजे ताकद, कमजोरी, संधी आणि धोके या चार खोक्यांत 'उत्तम क्वालिटी', 'अनुभवी टीम', 'मार्केटिंग कमी', 'वाढती मागणी', 'स्पर्धा' असं भरलंय पण स्लाइड पोकळ वाटतेय. काय करू?

रंगरेषा: चार खोक्यांना चार रंग द्या, आयकॉन टाका, लगेच उठून दिसेल.

जुना बँकवाला: रंगाने काय होणार, हीच स्लाइड उद्या काजूवाल्याने दाखवली तरी खपेल, गोची तिथे आहे. प्रत्येक मुद्द्याला विचारा, शेजारच्या कंपनीलाही हे लागू आहे का? असेल तर काटा. जीआयचंच, म्हणजे भौगोलिक मानांकनाचंच घ्या, 2018 मध्ये हापूसला मिळालं पण ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांना मिळून, म्हणजे शेजाऱ्यापुढे ती तुमची ताकद नाहीच, कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकणाऱ्यापुढे मात्र आहे. कोणाच्या तुलनेत ते लिहा.

आता 'मार्केटिंग कमी'. त्याच्या मागचं खरं कारण काय, तर अढीत सगळे आंबे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे तयार पेटी ठरल्या दिवशी थेट गिऱ्हाइकाला देता येत नाही, मग कच्चा माल वाशीला जातो आणि ऐन सीझनला दलाल म्हणेल तो भाव. हे एक वाक्य ठेवा. संधीत 'वाढती मागणी' नको, पुण्यातल्या कुठल्या सोसायट्यांनी गेल्या सीझनला पेट्या मागितल्या आणि किती देता आल्या नाहीत ते टाका. हे दोन मुद्दे शेजारी आले की चेंबर कशाला हवा ते वेगळं सांगावं लागत नाही. स्लाइडचं शीर्षकही 'स्वॉट' नको, 'आंबा आपला, पण पिकवायची सोय नाही म्हणून भाव दलालाचा' असं पूर्ण वाक्य द्या.

हिशोबी: सोपा नियम सांगतो, ज्या मुद्द्यात आकडा नाही तो उडवा.

कोकणकन्या: नाही पटलं. मोहोरावर फुलकिडे पडले की बाग हातची जाते, यंदा किती जाईल हा आकडा आधी कोण देणार? आकड्याच्या नादात सगळ्यात मोठा धोकाच उडेल. आकडा नसेल तर कधी, कुठे, कशामुळे एवढं तरी लिहा.

हिशोबी: फुलकिड्यांचं मान्य, पण 'अनुभवी टीम'ला तरी आकडा मागाच.

सरकारी बाबू: आमच्याकडे चार खोके भरलेले नसले तर साहेब फाइलच परत पाठवतात, हे सगळं ऐकायला ठीक आहे.

जुना बँकवाला: मग खोके ठेवा की, पण सारखे नकोत. कमजोरी आणि संधी मोठे, बाकी दोन छोटे, प्रत्येकात एखादाच मुद्दा, उरलेली यादी जोडपत्रात. फुलकिडे मात्र या स्लाइडवर नको, रिस्कच्या स्लाइडवर घ्या.

कोकणकन्या: इथेच हवेत, माल आला नाही तर चेंबर रिकामा राहील आणि हप्ता चालू. मॅनेजर पहिलं तेच विचारेल.