अनुभव धागा: क्लेमचे कागद लावत काढलेली एक रात्र

माणगंगा

काल माळा आवरताना निळी बॉक्स फाइल हाती लागली. वर माझ्याच अक्षरात ‘अण्णा, अँजिओ’. उघडली नाही. पुसून तशीच परत ठेवली, पण झोप उडाली ती उडालीच. म्हणून लिहिते. तुमच्याही माळ्यावर अशी फाइल असेल तर लिहा.

नोव्हेंबर 2024. अण्णांच्या छातीत कळ आली, पहाटे अडीचला कॅज्युअल्टी, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. कॅशलेस नाकारलं. बिल 2,78,400. माझी एफडी मोडली, मामाने 80 हजार दिले. घरी आल्यावर क्लेमचे कागद पाठवले आणि गप्प बसलो.

जानेवारीत एजंटचा फोन, ‘ताई, कंपनीची दोन रिमाइंडर माझ्या मेलवर येऊन पडलीत, हे तिसरं. उद्या शेवटची तारीख.’ पॉलिसीला मेल आयडी त्याचाच दिलेला! भांडायला वेळ नव्हता.

पत्रातला मुख्य मुद्दा एकच. डिस्चार्ज समरीत लिहिलं होतं, रुग्णाला 8 वर्षांपासून हायपरटेन्शन. पॉलिसी जून 2021 ची. म्हणजे बीपी 2016 पासून, पॉलिसी घेताना लपवला. पुरावा द्या, नाहीतर क्लेम बंद.

अण्णांचा बीपी 2022 मध्ये निघाला, मोतीबिंदूच्या आधीच्या तपासणीत. घरात सगळ्यांना माहीत. कंपनीला कागद हवा.

रात्री नऊला सतरंजी अंथरली. तीन पिशव्या आणि साडीचा एक खोका रिकामा केला. आधी बिलं एकीकडे, रिपोर्ट एकीकडे, चिठ्ठ्या एकीकडे असं लावलं. त्यात बारा वाजले आणि हाती काहीच लागेना. मग सगळं मोडलं आणि तारखेने लावलं, वर्षाला एक ढीग. पंख्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर काहीतरी: पोळपाट, अडकित्ता, खलबत्ता. मेडिकलच्या बिलांची बेरीज हॉस्पिटलच्या बिलातल्या औषधांच्या रकमेपेक्षा 1,840 ने जास्त येत होती. तीनदा केली. शेवटी एका बिलाला चिकटलेली परत केलेल्या इंजेक्शनांची चिठ्ठी निघाली, बरोबर 1,840 ची.

दोनच्या सुमारास 2016 च्या ढिगात मेडिकलची चार बिलं दिसली. बीपीच्या गोळ्या. वर नुसतं आडनाव. माझे हातपाय गार पडले. अण्णांनी कंपनीपासून नाही, आमच्यापासूनच लपवलं की काय? ते आत घोरत होते. उठवायचं धाडस होईना.

आई जागीच होती. बिल दिव्याजवळ धरून म्हणाली, ‘अगं, ह्या माझ्या गोळ्या.’

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर हळूच, ‘त्या रात्री त्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, बीपी किती वर्षं आहे? मी म्हटलं आठ. मला घाम फुटलेला, मला वाटलं मलाच विचारतोय.’

आम्ही दोघी त्या ढिगांमध्ये बसून हसलो आणि मग ती रडली.

मोतीबिंदूची फाइल साडेतीनला मिळाली, ऑपरेशननंतर देतात त्या काळ्या गॉगलच्या डबीत घडी घालून. फिजिशियनची फिटनेसची चिठ्ठी: बीपी 160/100, पुढे ‘न्यूली डिटेक्टेड’. तारीख 9 सप्टेंबर 2022. आणि 2021 ला पॉलिसी देण्याआधी कंपनीनेच केलेल्या तपासणीत 126/80. ते दोन कागद मी उशीखाली ठेवून तासभर पडले.

पहाटेच्या एसटीने हॉस्पिटल गाठलं. समरी बदलून देणार नाही म्हणाले. रेकॉर्ड रूममधून केसपेपरच्या शिक्क्यासह झेरॉक्स घेतल्या. पहिल्याच पानावर ‘हिस्ट्री गिव्हन बाय वाइफ’. ते पान आणि 2022 ची चिठ्ठी बघून डॉक्टरांनी लेटरहेडवर पत्र दिलं. एसटी स्टँडवरच्या सायबर कॅफेतून 4 वाजून 40 मिनिटांनी अपलोड झालं.

कृष्णाकाठची
मिळाले का गं पैसे?? तेच नाही लिहिलंस

माणगंगा
हो हो, विसरले. 26 दिवसांनी 2,67,150. कापले 11,250. त्यात हातमोजे, नोंदणी फी, आईचं कँटीनचं जेवण. मामाचे तेवढे लगेच दिले.

खारीबिस्किट
पोळपाट 😂 आमच्याकडे असल्या कामाला इस्त्री असते

निवृत्त क्वेरीवाला
मी टीपीएमध्ये बरीच वर्षं हेच काम केलं, तुमच्यासारख्यांना ही पत्रं पाठवायचं. शिव्या द्यायच्या तर द्या. पण ताईंनी जे केलं ते नेमकं का चाललं ते सांगतो. समरी डिस्चार्जच्या दिवशी घाईत टाइप होते, ती केसपेपरवरून उतरवलेली असते. म्हणून चूक समरीत दिसली तरी जन्मते भरतीच्या पहिल्या पानावर, रात्रीच्या ड्युटीवरच्या आरएमओच्या हाताने. तिथे काय लिहिलंय आणि माहिती कोणी दिली, ते आधी बघायचं.

दुसरं, डॉक्टरचं पत्र. क्वेरी आल्यावर आणलेलं ‘नातेवाइकांच्या म्हणण्यानुसार 2 वर्षं’ असं पत्र आम्ही बाजूला टाकायचो, कारण ते मागाहून सुचलेलं शहाणपण दिसतं. तुमच्या डॉक्टरांनी जुन्या तारखेची चिठ्ठी पाहून लिहिलं. वजन त्या चिठ्ठीचं. ती पत्रासोबत नसती तर पत्राला काही अर्थ नव्हता.

आणि समरी बदलून दिली नाही हे तुमचं नशीब. 8 चा 2 केलेली, बाजूला सही नसलेली समरी आली की फाइल सरळ तपासनीसाकडे. मग तो गावात येऊन मेडिकलवालं दुकानसुद्धा विचारतो.

वऱ्हाडी ठेचा
एवढा उपद्व्याप कायले? आता नियम आहे, पॉलिसीले 5 वर्षं झाली का कंपनी काहीच नाकारू शकत नाही. आधी 8 होते.

निवृत्त क्वेरीवाला
8 चे 5 झाले हे खरं, 2024 ला. पण 5 वर्षं सलग, खंड न पडता. ताईंच्या वडिलांची साडेतीनच झाली होती. शिवाय फसवणूक सिद्ध केली तर 5 नंतरही नाकारता येतं, आणि पॉलिसीत जे मुळातच वगळलेलं आहे ते वगळलेलंच राहतं. ‘काहीच नाही’ असं नाही.

वऱ्हाडी ठेचा
बरं बुवा. माझ्या काकाचं झालं होतं म्हणून बोललो. त्याचे 11 वर्षं होते.

सांगलीकर हळद
आमची फाइल 2019 च्या पुरात गेली. ऑगस्टमध्ये तळमजल्यावर पाणी, बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन जुलैत झालेलं, कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यात. चिखलाचा लगदा. हॉस्पिटलमध्ये गेलो तर तेही पाण्यात! त्यांची बिलिंगची कॉम्प्युटरवरची नोंद मात्र वाचली होती. डुप्लिकेटचा शिक्का मारून बिल आणि पावत्या दिल्या, वर हॉस्पिटलचं पत्र. बाहेरच्या मेडिकलची बिलं गेली ती गेलीच. साधारण 6 हजार. त्या वेळी घरात चमचा शिल्लक नव्हता, 6 हजारांचं काय घेऊन बसणार.

कृष्णाकाठची
हळद, तुम्ही कुठे होता तेव्हा? आम्ही हरिपूर रोडला

सांगलीकर हळद
गावभाग. व्यनि करते.

दोन पोरांची आई
माझ्या सासूबाई 67, शुगर आहे, कुठली पॉलिसी चांगली? कुणी घेतलीय का?

खारीबिस्किट
ताई, धागा चुकला 😀 पण फॉर्मवर शुगर लिहा म्हणजे झालं. वरचं वाचलंत ना?

दोन पोरांची आई
नाही हो, कुकर लावलाय, रात्री वाचते

नाशिकचा एक
मी हरलेला आहे, माझंही ऐका. आईचा क्लेम नाकारला, कारण जवळपास असंच, दम्याचं. मी कंपनीला मेल करत राहिलो. पुन्हा विचार करा, पुन्हा विचार करा. दर वेळी गोड उत्तर, ‘आपली तक्रार पाहत आहोत’. चौदा महिने गेले. मग कुणीतरी विमा लोकपाल सांगितला. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. पण कंपनीने नाकारल्यावर वर्षाच्या आत जायचं असतं. माझं वर्ष मेल लिहिण्यात गेलं. 94 हजार होते.

माणगंगा
वाईट वाटलं दादा.

निवृत्त क्वेरीवाला
ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं असते. तेव्हा विचारलं होतं का कुणाला?

नाशिकचा एक
तेही गेलं आता. आईपण गेली. राहू द्या.

पाचवा मजला
मूळ लेखिकेला प्रश्न. आईच्या 2016 च्या बिलांचं काय केलंत? पाठवलीत?

माणगंगा
नाही. रात्रभर तोच घोळ होता डोक्यात. आईच्या डॉक्टरीणबाईंची तिच्या नावाची चिठ्ठीही होती. तरी नाही पाठवली.

निवृत्त क्वेरीवाला
बरोबर केलंत. मागितलेलं द्यायचं, त्यापलीकडे एक कागद नाही. नुसत्या आडनावाची बीपीच्या गोळ्यांची बिलं बघून माझ्यासारख्याने तुम्हाला अजून एक पत्र पाठवलं असतं.

पाचवा मजला
मला नाही पटत. तपासनीस दुकानात गेला असता तर त्याला तीच बिलं दिसली असती, आणि मग ‘लपवलं’ हे पक्कं झालं असतं. आईची चिठ्ठी जोडून एक ओळ लिहिली असती तर 8 कुठून आले तेही कळलं असतं. मी वकील आहे म्हणून नव्हे, पण स्पष्टीकरण आधी दिलेलं बरं.

निवृत्त क्वेरीवाला
वकील आणि क्वेरीवाला यांचं कधी पटलंय?

खारीबिस्किट
मी आत्ताच मेडिकलवाल्याला सांगून आले, बिलावर आजपासून पूर्ण नाव टाक. तो म्हणतो काकी कोणतं टाकू, काकांचं की तुमचं. गोळ्या दोघांच्या एकाच बिलात असतात की हो आमच्या!

कृष्णाकाठची
थर्मल कागदाची बिलं उडतात त्याला काय करता सगळे? माझी गेल्या वर्षीची कोरी पांढरी झालीत, कंपनीचं नावसुद्धा दिसत नाही

सांगलीकर हळद
मी घेतल्या घेतल्या झेरॉक्स काढते आणि मागे पिनने लावते. फोटो फोनमध्ये हरवतात.

माणगंगा
अण्णांना हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, मला उठवलं का नाहीस, मोतीबिंदूची फाइल कुठंय ते मला माहीत होतं.

खारीबिस्किट
🤦‍♀️🤦‍♀️ आणि आई?

माणगंगा
आई आता दवाखान्यात कुणी बीपी विचारला की आधी म्हणते, ‘कुणाचा?’

दोन पोरांची आई
आत्ता वाचलं सगळं. सासूबाईंच्या पिशवीत चार वर्षांचे कागद आहेत, सासऱ्यांचेही त्यातच. खलबत्ता आहे, पण अडकित्ता नाहीये आमच्याकडे.