प्रतिसाद: गोळी बंद केली की बरं वाटतं, म्हणजे?

"बाबांनी कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन बंद केलं की पोटऱ्या दुखायच्या थांबतात. हा पुरावा पुरेसा नाही का?"

नाही. गोळी बंद आहे हे बाबांना माहीत असतं, तिथेच घोळ आहे. सॅमसन चाचणीत (२०२०) त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना कोणत्या महिन्यात स्टॅटिन आहे आणि कोणत्या महिन्यात नकली गोळी, हे सांगितलं नव्हतं. काही महिने गोळीच नव्हती. रोज शंभरपैकी त्रासाचे गुण मांडायचे. सरासरी आली गोळीविना ८, नकलीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. नकली थांबवल्यावरही आराम पडलाच! दुखणं खरंच होतं, पण त्याचं कारण बहुतांशी औषधात नव्हे, तर गोळी घेण्यात होतं. यालाच नोसिबो म्हणतात.

तरी आधी रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासा. ते कमाल मर्यादेच्या दहापट असेल, किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर तो नोसिबो नव्हे. गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. दुखणं फक्त पर्वती चढल्यावर आणि एकाच पोटरीत असेल, तर स्टॅटिनवर संशय कमी. पायाच्या रक्तवाहिन्या मात्र तपासून घ्या.