मध्यंतरातली पाच मिनिटं : कर्णधारानं दम द्यावा की नाही?

पार्कवाला
सोलापुरात आमच्या मंडळाच्या कबड्डी संघाचा मी कर्णधार, चढाईला जातो. गेल्या रविवारी मध्यंतराला आम्ही १३–२० मागं होतो. तेव्हा मी जे बोललो ते राखीव पोरानं मोबाइलवर घेतलं. जसंच्या तसं देतो :

"काय बे, मार खायला आलाय काय हितं? लेफ्ट कॉर्नर, तुझ्या एकट्यामुळं लोण चढला. तुला घेतलं हीच माझी चूक. कव्हरवाले, हातपाय गळालेत का? आता ज्यानं गुण दिला त्यानं उद्यापासून सरावाला यायचं नाही. हरलो तर मंडळाला काय तोंड दाखवू मी? जावा, नीट खेळा."

सामना २४–३९ हरलो. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा आहे. धमकी आणि दोष काढून, सगळ्यांना एकत्र बांधेल असं हेच बोलणं कसं लिहायचं? आणि लिहावं का?

जुनं मैदान
लिहू नका. मी मातीवर खेळलोय, मॅट नंतर आली. आमचा कर्णधार याच्यापेक्षा जास्त बोलायचा आणि आम्ही पेटून उठायचो. सात गुणांनी मागं असताना गोड बोलून चालत नाही. मैदानावर लाउडस्पीकर चालू असतो, लोक ओरडत असतात. तिथं आखूड आणि कडक बोललेलंच कानात शिरतं. ज्याची चूक, त्याचं नाव घेतलंच पाहिजे. नाहीतर प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला बोलला.

अशोक चौक
यात एकही शिवी नाही. "बे" ही काही शिवी नाही, आपण सोलापूरकर आईशीसुद्धा तसंच बोलतो. मग बदलायचं काय? भाषा साफ आहे की.

मध्यरेषा
अशोक चौक, प्रश्न शिवीचा नाही. "बे" राहू द्या, पोरांना ते आपलंच वाटतं. अडचण एका वाक्यात आहे : "ज्यानं गुण दिला त्यानं सरावाला यायचं नाही." हेच तुम्ही अहो-जाहो करून बोललात तरी तेवढंच नुकसान होईल.

कबड्डीत बचाव म्हणजे जोखीम. कॉर्नरनं घोटा धरला आणि चढाईवाला सुटला, तर गुण जातो. हात न घालता मागं सरकलं तर निदान आपल्या नावावर तरी काही लागत नाही. कर्णधारानं सांगितलं की गुण देणारा बाहेर, तर शहाणा पोरगा काय करेल? मागं सरकेल. पार्कवाला, तुम्ही "नीट खेळा" म्हणालात, पण पोरांनी ऐकलं "पकड करू नका".

हे सगळ्यात महाग पडतं ते तिघं उरल्यावर. तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर सुपर टॅकलचे दोन गुण मिळतात. म्हणजे जिथं धाडसाला दुप्पट भाव आहे, नेमकं तिथंच तुम्ही धाडसावर दंड लावला.

चित्रण असेल तर मध्यंतरानंतरच्या पहिल्या सात-आठ चढाया बघा. दोन गोष्टी सांगा. कॉर्नर आत गेला तेव्हा कव्हरचे पाय पुढं आले की मागं गेले? आणि पकड सुटल्यावर पोरं कुणाकडं बघत होती? शिवाय पहिल्या हाफातला लोण नेमका कसा चढला, तेही पायरी-पायरीनं लिहा.

शाळामास्तर
मी थोडं सोपं करून देते. 'तू' काढा आणि 'आपण' घाला. "आपण सगळे चुकलो. आपण एकजुटीनं खेळू. आपण जिंकूच!" दोष गेला, धमकी गेली, एकी आली. माझ्या वर्गात मी असंच बोलते आणि मुलं शांत होतात.

पार्कवाला
मध्यरेषा सर, काल रात्री बसून पाहिलं. कव्हरचे पाय मागं गेलेत. एकदा नाही, चार वेळा. आणि पकड सुटली की पोरं समोरच्या संघाकडं बघत नाहीत, माझ्याकडं बघतात. ते पाहून मला झोप लागली नाही.

लोण असा चढला : आम्ही सहा जण होतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणून तिसरीला मी गेलो. गुण आणणं भागच होतं. घाईत बोनसला पाय टाकला आणि घोट्यात सापडलो. पाच उरले. पुढच्या चढाईत लेफ्ट कॉर्नरनं घोटा धरला, चांगला धरला होता, पण दुसरं कुणी आलं नाही आणि चढाईवाला मध्यरेषेला हात लावून सुटला. चार उरले. मग राइट कॉर्नरनं धरला, तोही एकटाच. तीन उरले. मग उरलेले तिघंही बाद झाले आणि लोण चढला.

मध्यरेषा
तुम्ही हे लिहिलंत त्यातच उत्तर आहे. लोणाची सुरुवात तुमच्या चढाईतून झाली, कॉर्नरकडून नाही. दोन्ही कॉर्नरनी योग्य वेळी योग्य जागा धरली. एकट्याच्या घोट्यावर तगडा चढाईवाला थांबत नाही, त्याला वरून दुसरा माणूस लागतो. म्हणजे बिघाड एका पोरात नव्हता, दोघांच्या मधल्या अंतरात होता. तुमच्या भाषणात कॉर्नरला वेगळा दोष आणि कव्हरला वेगळा. त्यामुळं अंतर आणखी वाढलं. कव्हरला वाटलं, मी पडलो आणि सुटला तर आता माझं नाव घेतील.

शाळामास्तर, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. "आपण सगळे चुकलो" म्हटलं तरी लेफ्ट कॉर्नरला माहीत असतं की हे मला आहे. दोष तसाच राहतो, फक्त तोंडावर बोलला जात नाही. शिवाय "एकजुटीनं खेळू" म्हणजे पुढच्या चढाईला कुणी कुठं पाऊल टाकायचं? ते कळत नाही. 'आपण' शब्द तिथंच वापरावा जिथं दोघांनी मिळून काही करायचं आहे. आणि 'मी' तिथं, जिथं चूक कर्णधाराची आहे.

जुनं मैदान, तुमचं आखूड बोलण्याचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. पाच मिनिटांत पहिलं मिनिट पाणी आणि श्वास. धापा टाकणाऱ्या पोराला काही सांगून उपयोग नाही. त्यानंतर एका मिनिटाच्या आत संपेल एवढंच बोलायचं. नावही घ्यायचं, फक्त नावापुढं काम यायला हवं. त्या दिवशी हे असं बोलता आलं असतं :

"पाणी घेतलं का सगळ्यांनी? ऐका बे. लोण माझ्या चढाईपासून सुरू झाला. मी बोनसला घाई केली. आता तिसऱ्या चढाईला मी बोनस सोडतो, हाताच्या गुणावर जातो.
लेफ्ट कॉर्नर, घोटा बरोबर धरलास, तसाच धर. फक्त आत जाताना हाक दे. कव्हर, हाक आली की विचार करायचा नाही, वर पडायचं.
तिघं उरलो तरी पकड करायची, दोन गुण आहेत. सुटला तर त्या गुणाचा जाब मला विचारतील, तुम्हाला नाही.
सात गुण एका लोणात भरून निघतात. पहिली पाच मिनिटं फक्त हाकेवर खेळू."

यात पहिल्या भाषणातलं काहीच वाया गेलेलं नाही. "तुझ्यामुळं लोण चढला" याच्या जागी लोण कुठून सुरू झाला ते आलं. "हातपाय गळालेत का" याच्या जागी हात कधी घालायचा ते आलं. "मंडळाला काय तोंड दाखवू" ही तुमची काळजी होती, ती पोरांच्या खांद्यावरून काढून तुम्ही स्वतःच्या खांद्यावर घेतलीत.

मागवाला
कबड्डी मी टीव्हीवरच बघतो, पण हे वाचून माझं आठवलं. मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर होतो. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची असते. आमचा मुकादम मात्र माग थांबला की सगळ्यांसमोर बोलायचा, मजुरी कापायची धमकी द्यायचा. मग आम्ही काय करायचो? तुटलेला दिसला तरी माग चालू ठेवायचो. टॉवेलमध्ये उभी रेघ उतरायची, ती घडी करताना सापडायची. तोवर कितीतरी माल गेलेला. त्याला वाटायचं, आमची नजर कमजोर. नजर चांगली होती, फक्त सांगायची सोय नव्हती. त्या कव्हरवाल्या पोराचे पाय मागं का गेले ते मला न बघता कळलं.

जुनं मैदान
मागवाला, तुमचं दुःख खरं आहे. पण मागावर आठ-दहा तास असतात, इथं वीस मिनिटांचा हाफ. राग कधी कधी लगेच कामाला येतो. मी स्वतः त्याच रागावर चढाया मारल्यात.

मध्यरेषा सरांचं हाकेचं पटलं. तिघं असताना पकड करायची हेही पटलं, मला ते आधी कुणी असं सांगितलं नव्हतं. एक मात्र पटत नाही. कर्णधारानं भर मध्यंतरात "चूक माझी" म्हणायचं? समोरचा संघ दहा पावलांवर बसलेला असतो. पोरांचा त्याच्यावरचा भरवसा उडाला तर पुढच्या तिसऱ्या चढाईला त्यालाच पाठवणार ना?

मध्यरेषा
ही शंका रास्त आहे. नुसतं "चूक माझी" म्हणून खाली मान घातली तर भरवसा उडतोच, मी तसं होताना पाहिलंय. म्हणून त्या वाक्याला लागूनच "आता मी काय वेगळं करतो" हे आलं पाहिजे. ते तयार नसेल तर मध्यंतरात चूक कबूल करू नये, सामन्यानंतर करावी. आणि रागाचं म्हणाल तर तुम्ही चढाईवाले होतात. चढाईला माणूस एकटा जातो, राग त्याला तीस सेकंद पुरतो. बचावात दोघा-तिघांनी एकाच क्षणी हलायचं असतं, तिथं प्रत्येकाचा राग वेगळ्या वेळी पेटतो.

पार्कवाला
सर, आणखी एक. लेफ्ट कॉर्नर रात्रपाळीला असतो, सरावाला आठवड्यातनं दोनदाच येतो. कव्हरशी त्याची जोडी जमत नाही त्याचं मूळ तेच आहे. त्याला काहीच बोलायचं नाही का? बाकीची पोरं रोज येतात, त्यांना ते खुपतं.

मध्यरेषा
बोलायचं, पण मध्यंतरात नाही. त्या पाच मिनिटांत त्याची पाळी बदलणार नाही. सोमवारी त्याला एकट्याला गाठा आणि विचारा की कव्हरला घेऊन पाळीआधी अर्धा तास कुठं जमेल.

जुनं मैदान
आणि नाही आला तर? एकदा सांगून, दोनदा सांगून नाही आला तर बाहेर बसवणार की नाही? ते आधीच सगळ्यांना माहीत पाहिजे. ती धमकी नाही, तो नियम.

शाळामास्तर
नियम सगळ्यांना सारखा असेल तर. रात्रपाळीवाल्याला आणि कॉलेजच्या पोराला एकच हजेरी लावणं मला सारखं वाटत नाही.

पार्कवाला
हे मंडळात मांडतो, एकट्यानं ठरवत नाही. आज संध्याकाळी लेफ्ट कॉर्नरला फोन केला. "तुला घेतलं हीच माझी चूक" हे वाक्य मी परत घेतो म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, हाक कोणती द्यायची? 'आत' म्हणू का 'धर'?" आम्ही 'आत' ठरवलं. उद्या पहाटे साडेपाचला कव्हरला घेऊन येतोय, पाळी सुटल्यावर थेट.